जुने घरगुती कागद स्कॅन करून ठेवायचे कशात: टिफ, जेपेग की पीडीएफ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडक्यात सांगा, कशात ठेवू?

फोटो, निगेटिव्ह आणि ज्या कागदावरचं काहीही फिकं पडलंय ते टिफमध्ये. ठळक काळ्या अक्षरांचे टाइप केलेले किंवा छापील कागद चांगल्या क्वालिटीच्या जेपेगमध्ये ठेवले तरी काही बिघडत नाही, पण एकदा सेव्ह केलं की त्या फाइलला परत हात लावायचा नाही. पीडीएफ वाचायला आणि नातेवाइकांना पाठवायला मस्त, पण तुमच्याकडची एकमेव प्रत पीडीएफ असू नये. बाकी सगळी पानं "असं का" याच्यावरच आहेत, घाई असेल तर इथे थांबलात तरी चालेल, फक्त पीडीएफचा प्रश्न तेवढा वाचून जा.

टिफ एवढी अवाढव्य का असते? तेच पान जेपेगमध्ये दहापट लहान होतं की

कारण टिफ प्रत्येक ठिपक्याचा रंग जसाच्या तसा लिहून ठेवते. हिशोब सोपा आहे. ए-फोर पान ३०० डीपीआयला स्कॅन केलं की २४८० बाय ३५०८ ठिपके होतात, म्हणजे साधारण ८७ लाख, आणि रंगीत असेल तर प्रत्येकाला तीन बाइट, झाले २६ एमबी. तेच ६०० डीपीआयला केलं तर ठिपके दोन्ही बाजूंनी दुप्पट म्हणून फाइल चौपट, १०४ एमबीच्या आसपास. ग्रेस्केल केलं तर हे सगळं एक तृतीयांशावर येतं, पण जुन्या कागदासाठी मी ग्रेस्केल सुचवत नाही, कारण पिवळा डाग आणि तपकिरी झालेली शाई यांच्यातला फरक बऱ्याचदा फक्त रंगातच उरलेला असतो आणि ग्रेस्केलमध्ये दोन्ही एकाच करड्या रंगाचे होऊन बसतात.

जेपेग नेमकं काय टाकून देतं?

हे एकदा नीट समजलं की बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात.

जेपेग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनात किती मोठे, हळू बदल आहेत आणि किती बारीक, पटकन होणारे बदल आहेत ते मोजतं, आणि मग जे बदल बारीकही आहेत आणि हलकेही आहेत ते गोल करून थेट शून्य करतं. निसर्गदृश्याच्या फोटोत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण पिवळ्या पडलेल्या कागदावर पेन्सिलने लिहिलेली तारीख म्हणजे काय, तर बारीक रेघ आणि आजूबाजूच्या कागदापेक्षा जेमतेम गडद. म्हणजे जेपेग जे टाकून देतं अगदी तेच. उलट काळ्या शाईचं ठळक अक्षर बारीक असलं तरी हलकं नसतं, म्हणून ते टिकतं, फक्त त्याच्या कडेला थोडी धुरकट किनार दिसते.

दुसरी गोष्ट रंगाची. बहुतेक प्रोग्राम जेपेग करताना उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात पण रंगाची माहिती दोन्ही दिशांना निम्मी करतात, कारण डोळ्याला रंगातली बारीक कड कमी दिसते. आता एखाद्या दाखल्यावर निळ्या शाईची सही आहे आणि तिच्यावर जांभळा शिक्का बसलाय असं धरा. दोघांचा उजेड जवळजवळ सारखा, वेगळेपण रंगातच, आणि नेमका रंगच निम्म्या बारकाईने साठवलेला, मग सही कुठे संपते आणि शिक्का कुठे सुरू होतो ते झूम केल्यावर कळत नाही. जेपेगच करायची असेल तर एक्स्पोर्टच्या वेळी सबसॅम्पलिंगचा पर्याय शोधून `4:4:4` निवडा, फाइल थोडी वाढते पण हा त्रास जातो. क्वालिटी ९० च्या वर ठेवा. हा आकडा प्रत्येक प्रोग्रामचा आपापला असतो, एकाचा ९० म्हणजे दुसऱ्याचा ९० नव्हे, त्यामुळे आकड्यापेक्षा खालची टेस्ट करून ठरवलेलं बरं.

माझ्या कागदावर फरक पडतो का हे कसं बघू?

तुमच्या गठ्ठ्यातलं सगळ्यात वाईट अवस्थेतलं पान घ्या, चांगलं नको. ते टिफमध्ये स्कॅन करा, मग त्याच टिफवरून एक जेपेग बनवा. परत स्कॅन करून जेपेग घेऊ नका, कारण कागद केसभर जरी हलला तरी तुलना वाया जाते.

आता GIMP या फोटो एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये टिफ उघडा, जेपेग तिच्यावर लेयर म्हणून टाका आणि वरच्या लेयरचा मोड Difference करा. सगळं काळं दिसेल, कारण फरक फार थोडा आहे. दोन्ही लेयर एक करा आणि Levels मध्ये जाऊन पांढऱ्याचा बाण डावीकडे आणत राहा. जे उजळत जातं ते जेपेगने बदललेलं. सगळीकडे सारखी बारीक वाळू दिसली तर तो कागदाचा पोत आहे, सोडून द्या. पण त्या वाळूत अक्षरांचे आकार ओळखू यायला लागले, समासात पेन्सिलने लिहिलेलं वाचता यायला लागलं, तर समजायचं की लिखाणाचाच भाग फाइलमधून जातोय. अशा पानाला टिफच.

ही टेस्ट एकदाच करायची असते. त्या गठ्ठ्यातल्या सारख्या कागदांना तोच निर्णय लावला तरी चालतं.

जेपेग नुसती उघडली किंवा कॉपी केली तरी क्वालिटी कमी होते म्हणतात, खरं का?

नाही. उघडणं, बंद करणं, पेन ड्राइव्हवर टाकणं, नाव बदलणं यात एकही ठिपका हलत नाही. काही बदल करून पुन्हा सेव्ह केलं की मात्र ते गोलाकरण नव्याने होतं. त्यातही क्रॉप जास्त वाईट, कारण डाव्या किंवा वरच्या कडेने दोन-चार ठिपके कापले की आठ-आठचे चौकोन सरकतात आणि मागच्या वेळी वाचलेलं या वेळी जातं. नुसतं फिरवणं नुकसान न करताही जमतं, पण तुमचा प्रोग्राम ते तसं करतो की परत सेव्ह करतो हे बाहेरून कळत नाही, म्हणून मूळ फाइल फिरवायची असेल तरी कॉपी घेऊनच.

आणि मेसेजिंग ॲपवरून फोटो म्हणून पाठवली तर ॲप स्वतःच ती लहान करतं. एक किस्सा नेहमी घडतो, ज्याने स्कॅन केलं त्याची हार्ड डिस्क बंद पडते आणि मग सगळ्यांच्या फोनमध्ये उरतात त्या लहान झालेल्या फाइली. पाठवायचंच तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा.

माझ्याकडे जुन्या स्कॅनच्या जेपेग आहेत, त्या टिफमध्ये कन्व्हर्ट करून ठेवू का?

नको. गेलेलं परत येत नाही, फक्त फाइल दहापट होते. वर पुढे कोणीतरी ती टिफ बघून "हे मूळ स्कॅन आहे" असं समजेल आणि कागद हाताशी असूनही परत स्कॅन करणार नाही, हा तोटा जागेपेक्षा मोठा आहे. जेपेग आहेत तशाच मूळ म्हणून ठेवा. दुरुस्ती करायची असेल तर काम चालू असताना टिफमध्ये करा म्हणजे दर सेव्हला घसारा लागत नाही. फोनने काढलेल्या फोटोंनाही हेच लागू, फोनने जी फाइल दिली तीच मूळ.

स्कॅनरमध्ये टिफ निवडलं म्हणजे काम झालं ना?

बहुतेक वेळा हो, पण एक चोरवाट आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. घरगुती ऑल-इन-वन मशीन वायफायवरून स्कॅन पाठवतं तेव्हा पुष्कळदा ते पान मशीनमध्येच जेपेग होऊन कंप्युटरवर येतं, आणि मग इथला प्रोग्राम तीच जेपेग उलगडून तुम्हाला टिफ म्हणून देतो. फाइल टिफ, आतला माल जेपेगचा. ओळखायचं कसं, तर एखाद्या ठळक अक्षराच्या कडेला ४०० टक्के झूम करा. अक्षराभोवती हलके ठिपके घोळक्याने दिसले आणि ते घोळके ठरावीक चौकोनात अचानक थांबत असले तर ती जेपेगची खूण आहे. मग यूएसबी केबल लावून, मशीनच्या स्वतःच्या ड्रायव्हरने तेच पान परत स्कॅन करून बघा.

त्याच सेटिंगच्या खिडकीत "टेक्स्ट सुधारा", "बॅकग्राउंड काढा", "ऑटो काँट्रास्ट" असले पर्याय आधीच चालू असतात, ते बंद करा. कागद पांढराशुभ्र करताना त्यांना पेन्सिल आणि डाग यात फरक कळत नाही, आणि एकदा ते पुसलं गेलं की टिफमध्ये ठेवा नाहीतर कशातही, उपयोग शून्य.

पीडीएफला एवढा विरोध का? सगळी ऑफिसं पीडीएफच मागतात की

विरोध पीडीएफला नाहीये, आत काय आहे ते दिसत नाही याला आहे. पीडीएफ म्हणजे डबा. आत टिफसारखं काहीही न गमावलेलं चित्र असू शकतं, जेपेग असू शकते, फक्त काळं-पांढरं चित्र असू शकतं, आणि बाहेरून सगळ्याचं नाव `.pdf`. स्कॅनरच्या "स्कॅन टू पीडीएफ" बटणामागे बहुतेक वेळा चांगलीच दाबलेली जेपेग असते.

काही प्रोग्राम त्याहून पुढे जातात, पान दोन थरात फाडतात, अक्षरांचा एक थर बारीक ठेवतात आणि कागदाचा दुसरा थर अगदी ढोबळ करून टाकतात. यात फिकट लिखाण प्रोग्रामला अक्षर वाटलं नाही की ते ढोबळ थरात जातं आणि संपलं.

सगळ्यात भीतीदायक प्रकार जेबिग-टूचा. या पद्धतीत सारखी दिसणारी अक्षरं एकदाच साठवून बाकीच्या ठिकाणी तीच चिकटवता येतात. २०१३ मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सच्या काही वर्कसेंटर मशीनवर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडेच बदलून येत होते, आणि इतर कागदांत ६ च्या जागी ८ असंही होत होतं. धुरकट झालं असतं तर निदान शंका आली असती, इथे आकडा स्वच्छ, सुंदर आणि चुकीचा. जन्मतारखा आणि जमिनीची मापं असलेल्या कागदांवर असली गंमत कोणाला परवडणार?

तुमच्या पीडीएफच्या आत काय आहे ते पॉपलर नावाच्या फुकट टूलमधल्या या कमांडने दिसतं:

```
pdfimages -list vahi.pdf
```

`enc` या रकान्यात बघा. `jpeg` असेल तर आत जेपेग आहे, `image` असेल तर न गमावणारं, `ccitt` म्हणजे निव्वळ काळं-पांढरं, आणि `jbig2` दिसलं तर मूळ कागद शोधून परत स्कॅन करा. बाजूला `x-ppi` मध्ये खरा डीपीआय कळतो, ३०० ला स्कॅन केलं असं वाटत असताना तिथे १५० निघालेले मी पाहिलेत. आणि एका पानाला दोन-तीन चित्रं दिसली तर ते वर सांगितलेलं थर फाडण्याचं प्रकरण असण्याची शक्यता जास्त.

मग पीडीएफ/ए? तो तर आर्काइव्हसाठीच आहे ना?

आहे, २००५ पासून आयएसओचा स्टँडर्ड आहे. पण तो हमी कशाची देतो ते बघा: फाइल बाहेरच्या कशावर अवलंबून नसावी, फॉन्ट आतच असावेत, पासवर्ड नसावा, म्हणजे पुढे ती उघडावी. आतलं चित्र किती चांगलं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, खराब जेपेग आत घातली तरी ती पीडीएफ/ए म्हणून पास होते. वाचायची प्रत पीडीएफ/ए केलीत तर उत्तमच.

एखादं पूर्ण उदाहरण घेऊन सांगाल का?

एक वही घेऊ. ए-फाइव्ह आकार, १८० पानं, निळी शाई बऱ्यापैकी फिकी, समासात पेन्सिलने जन्ममृत्यूच्या तारखा, शेवटच्या पानांवर जांभळे शिक्के.

४०० डीपीआयला प्रत्येक पान सुमारे २३३१ बाय ३३०७ ठिपके, रंगीत टिफ २३ एमबी, १८० पानांचे जवळजवळ ४.२ जीबी. त्याच पानांच्या चांगल्या जेपेग प्रत्येकी तीनेक एमबी धरल्या तर साधारण अर्धा जीबी. फरक आठपट आहे, ऐकायला मोठा वाटतो, पण एका वहीसाठी पावणेचार जीबी जास्त, आणि ती वही परत कधी स्कॅन करायला मिळेल याची खात्री नाही, शिवण उसवलेली वही दर वेळी काचेवर दाबली की थोडी आणखी उसवते. म्हणून इथे टिफ. "फक्त पेन्सिल असलेली पानं टिफ, बाकी जेपेग" असंही सुचवतात लोक, मी नाही सुचवत, एका वहीच्या पानांचे दोन फॉरमॅट झाले की क्रम लावताना पानं हरवतात.

प्रत्येक पानाची वेगळी टिफ करा, `vahi_001.tif` पासून. टिफमध्ये अनेक पानं एकत्र ठेवता येतात पण ते टाळा, साध्या टिफला ४ जीबीची मर्यादा आहे आणि ही वही तिच्या अगदी उंबरठ्यावर बसते, शिवाय बरेच फोटो बघायचे प्रोग्राम पहिलंच पान दाखवतात आणि बाकीची गेली असं वाटून माणूस घाबरतो. शून्य लावून तीन आकडी नंबर द्यायचे, नाहीतर १० नंबरचं पान २ च्या आधी येतं.

मग या टिफवरून नातेवाइकांसाठी पीडीएफ:

```
mkdir vachan
mogrify -path vachan -format jpg -resample 200 -quality 85 *.tif
img2pdf vachan/*.jpg -o vahi.pdf
```

दुसऱ्या ओळीतलं mogrify हे इमेजमॅजिक नावाच्या टूलमधलं, ते प्रत्येक टिफची २०० डीपीआयची जेपेग वेगळ्या फोल्डरमध्ये बनवतं, टिफला हात लावत नाही. तिसरी त्या जेपेग जशाच्या तशा पीडीएफमध्ये बसवते, पुन्हा दाबत नाही, म्हणून मी img2pdf वापरतो, प्रिंट टू पीडीएफ केलं की बऱ्याचदा परत एक घसारा लागतो. वहीची पीडीएफ शंभरेक एमबीच्या आत बसायला हरकत नाही, फोनवरही आरामात उघडते. कोणी म्हणालं की पान ४७ वरची तारीख लागत नाहीये, तर त्याला त्या एका पानाची टिफ पाठवायची.

फोटोंना १६ बिट घेऊ का ८ बिट?

नीट दिसणाऱ्या कागदी फोटोला ८ बिट पुरे. फिका पडलेला रंगीत फोटो किंवा निगेटिव्ह असेल आणि पुढे रंग सुधारायचा विचार असेल तर १६. कारण असं की ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, आणि फिक्या फोटोत त्यातल्या साठ-सत्तरच वापरलेल्या असतात, त्या ताणून २५६ वर पसरल्या की मध्ये फटी पडतात आणि आकाशासारख्या सपाट भागात पट्टे दिसतात. १६ बिटमध्ये प्रत्येक पायरीच्या आत आणखी पायऱ्या असतात म्हणून पट्टे येत नाहीत. नेहमीची जेपेग ८ बिटच्या पुढे जातच नाही, त्यामुळे इथे निवड आपोआप टिफवर येते. फाइल मात्र दुप्पट.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, तिथे काही लिहिलेलं असेल तर. त्याला जेपेग चालेल की नाही ते शाई बघून.

टिफमध्ये कॉम्प्रेशन चालू करू का?

करा, एलझेडडब्ल्यू किंवा झिप. दोन्हीत एकही ठिपका बदलत नाही. ८ बिटला कुठलंही चालेल, १६ बिटला झिप घ्या, एलझेडडब्ल्यूने तिथे फाइल कधीकधी उलट वाढते. कागदाचा पोत जितका खरखरीत तितकी बचत कमी, त्यामुळे निम्मी होईल अशी आशा ठेवू नका. फक्त एक बघा, टिफच्या त्याच यादीत "जेपेग" असाही पर्याय असतो, तो निवडला तर एवढं सगळं वाचून काय केलं?

पीएनजी का नको?

चालेल की. तीही काही गमावत नाही आणि बऱ्याचदा टिफपेक्षा लहान होते. स्कॅनर आणि फोटो कॅटलॉगचे प्रोग्राम टिफमधली तारीख, नाव, वर्णन जास्त भरवशाने वाचतात म्हणून मी टिफकडे झुकतो, तुमच्याकडे आधीच पीएनजी असतील तर बदलायच्या भानगडीत पडू नका.

पन्नास वर्षांनी हे उघडेल का?

तिघांपैकी कुणाचीच चिंता वाटत नाही मला. टिफ १९८६ पासून आहे आणि आजही चालणारी ६.० ही आवृत्ती १९९२ ची, जेपेगचा स्टँडर्डही १९९२ चा, पीडीएफ १९९३ ची. तिन्हींचं वर्णन जाहीर आहे, कोणीही वाचक प्रोग्राम लिहू शकतो. फाइली जातात त्या डिस्क मेल्यामुळे.

डिस्क बंद नाही पडली पण फाइलच आतून खराब झाली तर?

होतं असं, कॉपी करताना किंवा डिस्क म्हातारी झाल्यावर. कॉम्प्रेशन नसलेल्या टिफमध्ये एक बिट उलटला तर एखादा ठिपका चुकतो, कॉम्प्रेशन असलेल्या टिफमध्ये एक आडवी पट्टी जाते, आणि जेपेगमध्ये बिघडलेल्या जागेपासून खालचा सगळा भाग करडा किंवा वेड्यावाकड्या रंगाचा होऊ शकतो. यावरून कॉम्प्रेशन बंद ठेवा असं काही जण सांगतात, मला ते पटत नाही, त्यापेक्षा बिघाड झालाय हे कळण्याची सोय करा आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवा. स्कॅन संपल्यावर फोल्डरमध्ये ही कमांड द्या, ती प्रत्येक फाइलचा ठसा यादीत लिहून ठेवते:

```
sha256sum *.tif > yadi.sha256
```

आणि वर्षातून एकदा, दोन्ही डिस्कवर फाइली त्या यादीशी ताडून बघा:

```
sha256sum -c yadi.sha256
```

ज्या फाइलसमोर `FAILED` येईल ती दुसऱ्या डिस्कवरून आणून बदलायची. यादी मात्र मूळ फाइलींचीच करा, वाचायच्या पीडीएफची नको, ती कधीही परत बनवता येते.